घाण्याच्या तेलाचा दर काढताना पेंड कुठं धरायची?

प्रश्न : निपाणीजवळ आमचा एक लाकडी घाणा आहे. शेंगदाणा तेल काढतो. तेलाचा दर काढताना कुणी सांगतं पेंड हा वरचा नफा, तो तेलात धरू नको. कुणी सांगतं दाण्याच्या किमतीतून पेंडीचे पैसे वजा कर. वजा केले तर तेल स्वस्त बसतं, पण महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही. नेमका हिशोब कसा करायचा?

उत्तर : पेंडीचे पैसे दाण्याच्या किमतीतूनच वजा करायचे. दाणा एकदाच विकत घेतला आणि त्यातून दोन माल निघाले, तेव्हा एकाने दुसऱ्याचा भार उचलायला हवा. पेंड बाजूला ठेवून दर काढलात तर तेल लिटरमागं पन्नासेक रुपयांनी महाग दिसतं. मग गिऱ्हाईक थांबवायला अंदाजाने सूट देत बसावं लागतं आणि खरा दर कुठं आहे ते कुणालाच कळत नाही.

मात्र वजा करताना तीन गोष्टी कच्च्या धरल्या की तुमच्यासारखी अवस्था होते. पेंड कागदावरच्या वजनाने धरली जाते, म्हणजे दाणे वजा तेल बरोबर पेंड. तिचा दर फलकावरचा घेतला जातो, पदरात पडलेला नाही. आणि सगळ्याला भागलं जातं घाण्यातून निघालेल्या गढूळ तेलाने, बाटलीत गेलेल्या निवळ तेलाने नाही. तिन्ही चुका एकाच बाजूला, म्हणजे तेल स्वस्त दाखवण्याकडे झुकतात. त्या एकमेकींना फेडत नाहीत, एकीवर एक चढत जातात.

शंभर किलो दाण्यावर हे करून बघू. दर आणि वजनं उदाहरणादाखल आहेत, तुमच्या वहीतले आकडे त्या जागी घाला.

दाणे १२० रुपये किलोने घेतले, १२,००० रुपये झाले. हमाली आणि टेम्पो २०० रुपये. म्हणजे घाण्याच्या दारात माल १२,२०० ला पडला. इथूनच पुष्कळांचा हिशोब चुकतो, कारण ते १२० वरच थांबतात. तुम्ही दाणे न घेता शेंगा घेत असाल, तर फोडून किती दाणा पडला ते वजन करून १२० च्या जागी तुमचा खरा दाण्याचा दर काढा. त्यातून टरफलाचे पैसे वजा करा, फोडणीची मजुरी मिळवा. शेंगेचा उतारा भरणीप्रमाणे बदलतो. अर्धवट भरलेल्या शेंगेत ६० टक्केही दाणा पडत नाही, चांगल्या भरलेलीत ७० पर्यंत जातो. म्हणून मागच्या हंगामाचा उतारा या हंगामाला लावू नका.

निवडताना खडे, माती, काळे आणि बुरशीचे दाणे मिळून ३ किलो बाहेर गेले. घाण्यात पडले ९७ किलो. एका घाण्याला साधारण १६ किलो धरले तर हे सहा घाणे झाले. प्रत्येक घाण्याला तासभर लागतो, म्हणजे उखळीत फिरणाऱ्या एका लाकडी लाटेवर पूर्ण दिवसाचं काम. दाणा कोरडा असेल तसा पाण्याचा हबका मारावा लागतो. सहा घाण्यांत मिळून दीड लिटर पाणी गेलं असं धरू. हे पाणी लक्षात ठेवा, पेंडीच्या वजनात ते पुढं उगवणार आहे.

घाण्यातून ४० किलो तेल निघालं. ते पिंपात दोन-तीन दिवस निवळलं आणि कापडातून गाळलं, तेव्हा खाली दीड किलो गाळ राहिला. निवळ तेल ३८.५ किलो. गाळ पुढच्या घाण्यात टाकला की त्यातलं थोडं तेल परत मिळतं. ते त्या दिवशीच्या तेलात आपोआप येईल, म्हणून इथं त्याचे वेगळे पैसे धरायचे नाहीत.

आता पेंड. कागदावर ९७ वजा ४०, म्हणजे ५७ किलो. काट्यावर गरम पेंड ५६.५ भरली. त्यात घातलेल्या पाण्याचा काही भाग आहे, काही पाणी उष्णतेने उडालं, काही माल लाटेला आणि उखळीला चिकटून राहिला. दोन दिवस पसरून वाळवली तेव्हा ५५ भरली. पोत्यात भरताना भुगा आणि सांडलवंड वजा जाऊन विकण्याजोगी ५४ किलो उरली. गरम पेंड त्याच दिवशी विकली तर दीड किलोचे जास्त पैसे मिळतात हे खरं. पण ती ओलसर असते, पोत्यात तापते, आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक बुरशी लागलेली पेंड घेऊन परत येतं. विकण्याचं वजन हे वाळलेल्या पेंडीचंच धरा.

फलकावर पेंड ४८ रुपये आहे. पण पोतं, हमाली, उधारी, खराब झालेला माल हे सगळं वजा जाऊन पदरात ४२ पडतात. हा ४२ कसा काढायचा ते खाली येतं. ५४ किलो गुणिले ४२ म्हणजे २,२६८ रुपये.

१२,२०० वजा २,२६८, उरले ९,९३२. भागिले ३८.५ किलो निवळ तेल. किलोला २५८ रुपये. हा तेलातल्या दाण्याचा खरा खर्च.

आता हेच घाईने केलं तर काय होतं बघा. १२,००० मधून ५७ किलो गुणिले ४८, म्हणजे २,७३६ वजा केले आणि ४० किलोने भागलं. आला २३१ रुपये ६० पैसे. किलोमागं २६ रुपये ४० पैशांची तफावत. त्यातले ५ रुपये विसरलेल्या हमाली-टेम्पोचे, सुमारे पावणेबारा रुपये पेंडीचं वजन आणि दर फुगवल्याचे, आणि पावणेदहा रुपये फक्त गाळाचे. शेवटचा आकडा दोनदा वाचा. दीड किलो गाळ दिसायला किरकोळ वाटतो, पण पेंडीचा सगळा गोंधळ जेवढा महाग पडतो, जवळपास तेवढाच तोही पडतो. ३८.५ किलोवर ही तफावत हजार रुपयांच्या वर जाते. महिन्याला २५ दिवस घाणा चालत असेल तर २५,००० रुपये. हातात काही राहत नाही म्हणता, ते बहुतेक इथंच जातं.

पुढचा भाग सोपा आहे, म्हणून थोडक्यात. वीज १५ युनिट, ८ रुपयांनी १२०. हेस्कॉमचं बिल घेऊन तुमचा दर बघा, आणि मोटारीच्या अश्वशक्तीवरचा स्थिर आकार इथं न धरता भाड्यासोबत धरा, कारण घाणा बंद असला तरी तो येतोच. एका गड्याचे ५०० आणि तुमचे स्वतःचे ६०० धरू. स्वतःची मजुरी न धरणारा माणूस नफा म्हणून आपलीच मजुरी मोजत असतो. भाडं, कर्जाचा हप्ता, लाट-उखळीची दुरुस्ती, स्थिर आकार मिळून महिन्याला १५,००० धरले तर २५ दिवसांवर रोजचे ६००. एकूण १,८२०. भागिले ३८.५, किलोला ४७ रुपये. घाणा महिन्यात १२ दिवसच चालत असेल तर हेच ६०० चे १,२५० होतात आणि तेल किलोला १७ रुपयांनी महाग बसतं. तो खर्च पेंडीने भरून निघत नाही.

२५८ आणि ४७ मिळून ३०५ रुपये किलो. शेंगदाणा तेलाचा लिटर साधारण ९१० ग्रॅमचा. ३०५ गुणिले ०.९१, म्हणजे २७८ रुपये लिटर. इथं किलो आणि लिटर यांची सरमिसळ झाली की २७ रुपये इकडचे तिकडं होतात. शेजारच्या घाण्याचा दर आपल्याशी ताडताना आधी तो किलोचा आहे की लिटरचा ते विचारा. बाटलीवरही मिलीलिटरबरोबर वजन छापायचं असतं, तेव्हा एक लिटरच्या बाटलीला एक किलो म्हणणं सर्वस्वी चूक.

बाटली, बूच, लेबल, सील १४ रुपये. गळती आणि सांडलवंड ३ रुपये. झाले २९५. त्यावर ३५ रुपये नफा धरला तर ३३० रुपये लिटर, घाण्यावरचा दर. जीएसटीत नोंद असेल तर ५ टक्के मिळवून ३४७. दुकानदाराला छापील किमतीवर १० टक्के द्यायचे असतील तर ३४७ ला ०.९ ने भागा, ३८६ येतात. ३४७ मध्ये १० टक्के मिळवलेत तर ३८२ च होतात आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

पेंडीचा हिशोबी दर

४२ हा आकडा कुठून आला ते आता सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. फलकावरच्या दराने पेंड कधीच सगळी जात नाही. पाच किलो सुटी नेणारा ४८ देतो, पोतंभर नेणारा गवळी ४५ मागतो, व्यापारी सगळी उचलतो पण ४३ च देतो. म्हणून दर विचारात बसू नका, पैसे मोजा. मागच्या तीन महिन्यांत पेंडीचे प्रत्यक्ष किती पैसे पदरात पडले, भागिले त्याच तीन महिन्यांत किती पेंड वाळवून पोत्यात भरली. विकलेली नव्हे, भरलेली.

समजा तीन महिन्यांत ४,००० किलो पेंड भरली. ३,७०० किलो विकली, बिलं झाली १,६८,००० ची. १५० किलो घरच्या म्हशींना घातली. १५० किलोला बुरशी लागली, ती टाकून द्यावी लागली. उधारीतले ५,००० रुपये येतील असं वाटत नाही. पोती आणि हमालीला ३,६०० गेले. घरच्या म्हशींची पेंड ४४ रुपयांनी धरा, म्हणजे ६,६००.

```
बिलं                    १,६८,०००
घरच्या म्हशी           +   ६,६००
बुडीत उधारी            −   ५,०००
पोती, हमाली            −   ३,६००
पदरात                   १,६६,०००
÷ ४,००० किलो           = ४१.५० रुपये
```

बिलांवर सरासरी ४५ दिसत होती, फलकावर ४८. खरा दर साडेएकेचाळीस. वर तो पूर्ण रुपयात ४२ धरला आहे. खराब माल, उधारी, घरचा वापर यांचा वेगळा अंदाज बांधावा लागत नाही, भागाकारच तो करून देतो.

घरच्या म्हशींची पेंड का धरायची, असा प्रश्न पडेल. ती न धरली तर दुधाचा धंदा फुकटचं खाद्य खातो आणि तेल त्याचं बिल भरतं. तेल महाग दिसेल, दूध नफ्यात दिसेल, दोन्ही खोटं. नोंद करा, मग कुणाला किती सूट द्यायची ते डोळे उघडे ठेवून ठरवा.

आपल्या भागात हा दर वर्षभर सारखा राहत नाही, हे दर तीन महिन्यांनी नवा काढण्याचं खरं कारण. उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो, कडबा महाग होतो, तेव्हा पेंड दारातून उचलली जाते. पावसाळ्यात उलटं. बांधाला, माळाला गवत मिळतं, गवळी पेंडीचा खुराक कमी करतो, आणि नेमकी तेव्हाच तुमची पेंड दमटपणामुळे थांबू शकत नाही. खानापूरकडच्या पावसात तर पंधरा दिवससुद्धा अवघड जातं. अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला तीच पेंड महिनाभर राहते. मागणी कमी आणि माल नाशवंत, दोन्ही एकदम येतं. उन्हाळ्यातला पेंडीचा दर घेऊन पावसाळ्याचं तेल ठरवलंत तर तोटा पक्का. म्हणून दिवाळीच्या फराळासाठी एखाद्या संस्थेची किंवा कारखान्याची आगाऊ मागणी घेऊन तेलाचा दर बांधून देणार असाल, तर त्यात पेंड मागच्या पावसाळ्यातल्या दरानेच धरा.

दर ठरतो तो सरकी पेंडीकडे बघून. गवळी शेंगदाण्याची पेंड एकटी घालत नाही. सरकी, भुसा, कारखान्याचं तयार पशुखाद्य यांत मिसळतो. सरकी उतरली की तो तुमची पेंड निम्मी करतो. त्यामुळे दाण्याचा भाव चढला म्हणून पेंड तेवढीच चढेल असं धरू नका. कन्नड गिऱ्हाईक हिंडी म्हणून विचारतं, तेही आधी सरकीचा आजचा दर सांगूनच.

पेंडीत राहिलेलं तेल

एक समज असा आहे की घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहिलं तरी बिघडत नाही, पेंड चांगल्या दराने जाते. हे तपासून बघू. त्याच ९७ किलोतून निवळ तेल ३८.५ ऐवजी ३६.५ निघालं, दोन किलो पेंडीत गेलं. पेंड झाली ५६ किलो, ४२ ने २,३५२ रुपये. दाण्याचा खर्च ९,८४८ भागिले ३६.५, म्हणजे २७० रुपये. वरचा खर्च १,८२० भागिले ३६.५, म्हणजे ५०. एकूण ३२० रुपये किलो. आधी ३०५ होते. किलोमागं साडेचौदा रुपये वाढले.

हा फरक पेंडीतून भरून काढायचा तर सगळ्या ५६ किलोला ४२ च्या जागी ५१ रुपये ४० पैसे मिळायला हवेत. म्हणजे दोन किलो तेलासाठी गवळ्याने प्रत्येक किलो पेंडीला साडेनऊ रुपये जास्त मोजायचे. तो रुपया-दोन रुपये जास्त देईल, एवढे नाही. तेल तेलाच्या किमतीत विकलं जावं, पेंडीच्या नाही.

लाकडी घाण्याच्या पेंडीत थोडं तेल राहणारच. दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, घाणा ते सगळं सोडवू शकत नाही, आणि म्हणूनच ती एक्सपेलरच्या पेंडीपेक्षा चार पैसे जास्त मिळवते. प्रश्न त्याहून जास्त राहिलेल्याचा आहे. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, रोजची वही पुरते. घाण्यात टाकलेला दाणा आणि निवळ तेल, दोनच वजनं रोज लिहा. प्रमाण सलग तीन-चार दिवस दीड-दोन टक्क्यांनी उतरलं तर कारण शोधा. ताजी पेंड मुठीत दाबली आणि तळहात चकचकीत झाला, किंवा कागदात दाबल्यावर लगेच मोठा डाग पसरला, तर तेल मागं राहिलं आहे.

कारणं बहुधा चारच असतात. दाणा फार कोरडा असला की त्याचं पीठ होतं, ते लाटेखाली बसत नाही आणि तेल सुटत नाही. पाण्याचा हबका त्यासाठीच असतो. दाणा ओला किंवा पाणी जास्त झालं तर लगदा होऊन लाटेभोवती घसरतो, दाब बसत नाही, शिवाय तेल गढूळ येऊन गाळ वाढतो. तिसरं म्हणजे घाई. सहाऐवजी सात घाणे बसवायचे म्हणून दहा मिनिटं आधी पेंड काढली जाते. गड्याला घाण्यांच्या संख्येवर मजुरी देत असाल तर हे होणारच, त्यापेक्षा दिवसाची मजुरी परवडते. चौथं, लाट किंवा उखळ झिजून दोघांतली फट वाढणं. हे हळूहळू होतं, रोज बघणाऱ्याला दिसत नाही, वहीतल्या आकड्यालाच दिसतं. सुताराचे दोन-तीन हजार वाचवायला म्हणून महिनाभर दोन किलो तेल रोज पेंडीत घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. साडेचौदा गुणिले ३६.५, रोजचे पाचशेच्या वर. सुताराचे पैसे आठवड्याभरातच निघतात.

निवडलेले दाणे पेंडीत घालू नका

बाहेर काढलेले ते तीन किलो दाणे पुन्हा एखाद्या घाण्यात सरकवले तर वजन वाचतं, असा मोह होतो. खडे-माती सोडली तर त्यात काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे असतात. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि घाण्यात ते तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरतं. ती पेंड खाणाऱ्या म्हशीच्या दुधात त्याचाच एक प्रकार येतो, ज्याची दुधातली मर्यादा किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम, इतकी बारीक आहे. ज्या गवळ्याचं दूध डेअरीत नाकारलं गेलं तो तुमची पेंड पुन्हा घेणार नाही आणि गावभर सांगेल. आपल्या हिशोबात पेंड बंद पडणं म्हणजे तेल किलोला ५९ रुपयांनी महाग होणं. तीन किलो दाण्याचे ३६० रुपये त्यापुढं काही नाहीत. आणि पोरंबाळं ते दूध पितात, ही गोष्ट हिशोबाच्या आधीची आहे.

स्वस्त मिळतो म्हणून भिजलेला, पुन्हा वाळवलेला दाणा घेतानाही हेच लक्षात ठेवा. दोन-चार रुपये किलोला वाचतात, पण निवडीत ३ ऐवजी ७-८ किलो जातात.

मजुरीने काढून दिलेलं तेल वेगळ्या वहीत

सुगीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा निघाल्या की शेतकरी स्वतःचे दाणे घेऊन येतात. तिथं दोन पद्धती आहेत. रोख मजुरी द्यायची आणि तेल-पेंड दोन्ही घरी न्यायचं, किंवा तेल न्यायचं आणि मजुरीच्या बदल्यात पेंड घाण्यावर सोडायची. दुसरी पद्धत दोघांना सोयीची वाटते, पण घाणेवाल्याने तिचा तुटीचा दर माहीत करून घ्यावा.

तुमचा काढणीचा खर्च १,८२० भागिले ९७, म्हणजे निवडलेल्या दाण्याच्या किलोला पावणेएकोणीस रुपये. कुणी २० किलो निवडलेले दाणे आणले तर तुमचे ३७५ रुपये खर्च होतात. त्यातून वाळून ११ किलो पेंड राहते. ४२ ने ४६२ रुपये, तुम्हाला ८७ सुटले. पेंड ३२ वर आली तर ३५२, म्हणजे वीस किलोला २३ रुपये पदरचे गेले. ३७५ भागिले ११, म्हणजे ३४ रुपये. हिशोबी दर ३४ च्या खाली गेला की त्या दिवसापासून पेंडीवर काम बंद, रोख मजुरी सुरू. बाहेर पाटी लावा, म्हणजे प्रत्येकाशी हुज्जत नको.

ही पेंड तुमच्या स्वतःच्या तेलाच्या हिशोबात येता कामा नये. ती मजुरी आहे, दाण्याच्या किमतीतली सूट नाही. विकताना दोन्ही एकाच ढिगातून जातात, त्यामुळे महिन्याच्या पेंडीचे सगळे पैसे स्वतःच्या दाण्याच्या खर्चातून वजा होतात आणि तेल आणखी स्वस्त दिसायला लागतं. नोव्हेंबरात ही चूक सर्वांत मोठी असते, कारण तेव्हा मजुरीचं कामच जास्त असतं. दर काढायला एकत्र ढीग चालतो, रुपये भागिले किलो कुठल्याही पेंडीचे तेच. पण स्वतःच्या तेलातून वजा करताना फक्त स्वतःच्या दाण्याची पेंड, आपल्या उदाहरणात शंभराला ५४ किलो, एवढीच घ्यायची.

सीमेपलीकडची विक्री

निपाणीतून कागल हाकेच्या अंतरावर, संकेश्वरातून गडहिंग्लज. तिकडच्या दुकानात बाटल्या ठेवाव्यात असं वाटणं साहजिक आहे. पण तिकडं माल पोचवला की ती दुसऱ्या राज्यातली विक्री होते, आणि करपात्र माल असा पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. जीएसटीची कंपोझिशन योजना घेतलेल्याला दुसऱ्या राज्यात माल पाठवता येत नाही. तिकडचं गिऱ्हाईक तुमच्या घाण्यावर येऊन स्वतः घेऊन गेलं तर ती बहुधा इथलीच विक्री धरली जाते. त्यामुळे पलीकडच्या दुकानदाराला दर सांगताना तुमचा ३३० नव्हे, कर धरलेला ३४७ सांगा. आधी ३३० सांगून नंतर नोंदणी घेतलीत तर लिटरमागचे १६-१७ रुपये नफ्यातून जातात.

फलक कधी बदलायचा

सगळा हिशोब रोज करायची गरज नाही. दोन गुणक पाठ करा. शंभर किलोला ३८.५ किलो तेल आणि ५४ किलो पेंड असेल तर दाण्याच्या एक रुपयाने तेलाच्या लिटरला २ रुपये ३६ पैसे फरक पडतो, आणि पेंडीच्या एक रुपयाने १ रुपया २८ पैसे, उलट्या दिशेने. करडईला हे गुणक चालणार नाहीत. तिचं टरफल पेंडीत जातं, तेल कमी आणि पेंड पुष्कळ निघते. शंभराला २७ किलो तेल आणि ७० किलो पेंड पडली तर पेंडीचा एक रुपया तेलाच्या किलोला २ रुपये ६० पैसे हलवतो, शेंगदाण्यात तो किलोला १ रुपया ४० पैसेच हलवतो, म्हणून तिथं पेंडीचा दर जवळपास दुप्पट काळजीने धरावा लागतो.

समजा शेंगदाणा १२० चा १२५ झाला. लिटरला ११ रुपये ८० पैसे वाढ. त्याच वेळी पेंडीचा हिशोबी दर ४२ चा ४६ झाला, ५ रुपये १० पैसे घट. निव्वळ वाढ ६ रुपये ७० पैसे. तुमच्या ३५ रुपयांच्या नफ्यात हे महिनाभर सोसता येतं, गिऱ्हाईक दर पंधरवड्याला नवा दर बघून बिचकण्यापेक्षा बरं. निव्वळ फरक ८ रुपयांच्या पुढं गेला आणि नवीन दाण्याची खरेदी त्याच भावाने झाली, की मगच फलक बदला. जुन्या भावाचा दाणा गोदामात असेपर्यंत थांबायला हरकत नाही. उलट दाणा उतरला तर एवढी घाई नको. आधी पेंड किती उतरली ते वहीत बघा, कारण दाणा तीन रुपयांनी उतरून पेंड पाच रुपयांनी उतरली असेल तर लिटरला ७ रुपये वाचतात आणि ६ रुपये ४० पैसे जातात, तेलाचा दर आहे तिथंच राहतो.